गोळीच्या आधीचे तास



आज वीरला येण्यासाठी मी मुद्दाम रेल्वे निवडली. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा 1993 मध्ये आधी सुरू झाला, गाडी मंगळूरला पोहोचायला पुढची काही वर्षे लागली. तेव्हा आम्ही थट्टेने म्हणायचो, जग इथपर्यंत येतं आणि वीरला थांबतं. आजचा विषयही काहींना तसाच वाटेल. आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हात राहतात, आपल्याकडे येतात ते फक्त जामिनाचे अर्ज. हा समज चुकीचा आहे, आणि तो दाखवण्यासाठी मी मुंबईतल्या एकाच दिवसाचा हिशेब मांडणार आहे.

11 नोव्हेंबर 2006. रामनारायण गुप्ता, ज्याला लखनभैया म्हणत, याला भर दुपारी वाशीतून उचलण्यात आले. सोबत त्याचा एक मित्र होता, त्यालाही नेले. लखनभैयाचा भाऊ वकील. खबर कानावर येताच त्याने पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले. मजकूर साधा होता. भावाला उचलले आहे, त्याला खोट्या चकमकीत मारतील अशी भीती आहे. रात्री पोलिसांनी सांगितले की वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ चकमक झाली आणि लखनभैया ठार झाला. म्हणजे मरण येण्याआधी मरणाची भीती कागदावर उतरली होती आणि त्या कागदावर वेळ छापली गेली होती. पोलिसांची फिर्याद पुढे कोसळली, त्यात या वेळेचा मोठा वाटा होता. बंदुकीच्या नळीतून निघालेला धूर कोर्टात दाखवता येत नाही, पण तारेवरचा शिक्का दाखवता येतो.

पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. 2009 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक आले. सोबत उचललेला तो मित्र हा महत्त्वाचा साक्षीदार. 2011 मध्ये साक्ष होण्याआधीच त्याचा खून झाला. जुलै 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 21 जणांना जन्मठेप दिली, मात्र आरोपी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा सुटले. गंमत बघा, देशातली तारसेवा त्याच महिन्यात बंद पडली. 19 मार्च 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने शर्मांची सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप सुनावली. 12 पोलीस आणि एका नागरिकाची शिक्षा कायम झाली, सहा नागरिक सुटले. शर्मा पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता कायद्याचे बघू. आपल्या जुन्या फौजदारी संहितेचे कलम 46(3) पाठ असेल. ते आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये गेले आहे. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अटक करताना आरोपीचा जीव घेण्याचा हक्क नाही, असे ते सांगते. उलट बाजूने वाचले तर काय होते? गुन्हा जन्मठेपेचा असला म्हणजे गोळी चालते, अशी समजूत पोलीस ठाण्यात रुजली आहे. संयुक्त राष्ट्रांची 1990 ची बळ आणि बंदूक वापराची मूलतत्त्वे याच्या अगदी उलट टोकाने विचार करतात. ती विचारतात, या क्षणी कुणाचा जीव धोक्यात आहे का? गुन्हा कोणता, हा प्रश्न तिथे दुय्यम आहे. मुद्दाम जीव घेणारी गोळी तेव्हाच, जेव्हा कुणाचा जीव वाचवायला दुसरा मार्गच उरलेला नाही. पळून जाणारा खुनी पाठमोरा असेल आणि लगेच कुणाला धोका नसेल, तर त्याला जाऊ द्यायचे आणि नंतर पकडायचे. हे ऐकायला कडू लागते, मला मान्य आहे. पण नियम तोच आहे, आणि नागरी व राजकीय हक्कांच्या ज्या करारातल्या सहाव्या अनुच्छेदात जगण्याचा हक्क आहे, तो करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला आहे.

पायावर गोळी का नाही मारली, हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक चकमकीनंतर विचारला जातो. माझ्या मते तो चुकीच्या दारात उभा आहे. धावपळीत पाय नेमका टिपणे अवघड असते आणि पायावरची गोळीही जीव घेते. खरा प्रश्न आहे, गोळी मारण्याची वेळ आली कशी?

हा प्रश्न युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 1995 मध्ये मॅककॅन खटल्यात नेमका मांडला. 1988 मध्ये जिब्राल्टरला ब्रिटिश सैनिकांनी आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या तिघांना ठार केले. ते कळ दाबून बॉम्ब उडवतील, असे सैनिकांना सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांच्याकडे शस्त्र नव्हते. न्यायालयाने सैनिकांच्या प्रामाणिक समजुतीवर ठपका ठेवला नाही. ठपका ठेवला तो आखणीवर. तिघांना सीमेवर का अडवले नाही? अंदाजाला खात्री म्हणून पुढे का ढकलले? सैनिकांना जो प्रतिसाद शिकवला होता तो थेट जीव घेणारा का होता? निकाल 10 विरुद्ध 9 असा, एका मताने लागला. तरी त्यातून उभे राहिलेले तत्त्व आज जगभर धरले जाते. गोळीचा हिशेब घोड्यावरच्या बोटापासून मांडायचा नाही, आखणीपासून मांडायचा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 ते 1997 मधल्या मुंबईतल्या 99 चकमकींच्या प्रकरणात 23 सप्टेंबर 2014 ला 16 निर्देश दिले. एफआयआर हवा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याने करावा. दंडाधिकारी चौकशी हवी. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावे आणि त्याचे चित्रीकरण व्हावे. शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीला जमा करावीत. शंका फिटेपर्यंत मुदतीआधीची बढती आणि शौर्यपदके रोखावीत. आणि बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 लाच, बदलापूरच्या लहान मुलींवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी तळोजा कारागृहातून नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत मारला गेला. पोलीस म्हणाले, त्याने पिस्तूल हिसकावले. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात आले की पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नाहीत आणि बळाचा वापर समर्थनीय नव्हता. एप्रिल 2025 मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. तिथेही प्रश्न आखणीचाच आहे. बंद गाडीत, इतक्या पोलिसांमध्ये, भरलेले शस्त्र आरोपीच्या हाताच्या टप्प्यात कसे ठेवले? या प्रकरणात ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याची मला घृणा आहे. पण कोर्टात आरोप सिद्ध व्हायचे राहिले, आणि त्या मुलींनाही निकाल मिळाला नाही.

वकील मित्रांनो, महाड आणि पोलादपूर या आपल्या दोन तालुक्यांत चकमकी होत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. एखादी आई पोलादपूरच्या वाडीतून एसटीने महाडला येईल आणि म्हणेल, पोराला काल रात्री नेलं, कुठे ठेवलंय ठाऊक नाही. तेव्हा वकीलपत्र नंतर भरा. आधी वेळ लिहा, गाडीचा रंग लिहा, कुणाची नावे ऐकू आली ते लिहा. तो मजकूर जिल्हा पोलीस अधीक्षकांना आणि दंडाधिकाऱ्यांना तासाभरात ईमेल करा. प्रत छापून फाइलला लावा. ज्या भावाच्या तारा मी सांगितल्या, त्याने एवढेच केले होते. त्याचा भाऊ वाचला नाही, पण 17 वर्षांनी उच्च न्यायालयाच्या टेबलावर त्या तारा होत्या.