घरकुलाचे तीनास दोन

आमच्या काकांना प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधून घरकुल मंजूर झालं. आपल्याकडं, सपाट भागात, त्याचं अनुदान १,२०,००० रुपये. त्यात केंद्र आणि राज्याचा वाटा तीनास दोन.

चुलतभावानं मोबाईलवर हिशोब मांडला. केंद्राचे ६० टक्के म्हणजे ७२,०००. उरले ४८,०००, त्याचे ४० टक्के १९,२००. बेरीज ९१,२००. "२८,८०० कमी पडतायत," म्हणाला. काका तेवढं कर्ज काढायला निघाले की!

चूक कुठं झाली? बघा, तीन अधिक दोन, एकूण पाच भाग. पाचातले तीन म्हणजे ६० टक्के, दोन म्हणजे ४०. पण दोन्ही टक्के मूळ रकमेचे, उरलेल्या रकमेचे नव्हेत. एक भाग २४,०००. केंद्राचे तीन भाग ७२,०००, राज्याचे दोन ४८,०००. बेरीज १,२०,०००. कर्ज वाचलं.

वाटा दोनास एक असेल, तर मात्र ६६.६६... टक्के येतात. ६७ धरले, तर याच रकमेत ४०० रुपये जास्त जातात. तिथं टक्के सोडा, एका भागाची रकम काढून गुणा. आणि शेवटी बेरीज करून बघाच. मूळ रकमेला जुळली नाही, तर वाटणी चुकलीय.