मामाला पत्र लिहिताना



आज एका पत्राबद्दल बोलणार आहोत. आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीला प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा एक वर्षाचा कोर्स करायचा होता. पैसे कमी पडत होते. मामा बागायतदार. त्याच्याकडे बिनव्याजी उसने मागायचे ठरले. पण ताईंच्या पोटात गोळा. “पैशापायी माझं माहेर तुटायला नको,” त्या म्हणाल्या. तेव्हा आम्ही मुलीला सांगितलं, फोनवर मागू नकोस, पत्र लिही.

पहिलं पत्र तिने आम्हाला वाचून दाखवलं. त्यात होतं, “२० हजार द्या, नोकरी लागली की लवकरात लवकर फेडीन.” आम्ही विचारलं, २० हजारच का? फी ४० हजार, घरात २० हजार साठलेत, असा तिचा हिशोब. मग एसटीचं काय? अर्धं तिकीट धरलं तरी महिन्याला हजार, म्हणजे वर्षाचे १२ हजार. पुस्तकं, ॲप्रन आणि परीक्षेची फी मिळून ४ हजार. एकूण खर्च ५६ हजार झाला. म्हणजे मागायचे ३६ हजार. जुन्या हिशोबाने गेली असती तर दिवाळीनंतर मामाकडे पुन्हा हात पसरावा लागला असता. खरं सांगायचं तर नाती बिघडतात ती या दुसऱ्या मागण्याने.

“लवकरात लवकर” हे शब्दही आम्ही काढायला लावले. देणाऱ्याचं लवकर आणि घेणाऱ्याचं लवकर कधी जुळत नाही. कोर्स जूनमध्ये संपणार, पण दुसऱ्याच महिन्यात पगार सुरू होईल असं धरता येत नाही. म्हणून नोकरी शोधायला तीन महिने ठेवले आणि पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये घेतला. तालुक्याच्या लॅबमध्ये चौकशी केली, तर सुरुवातीला ९ हजार मिळतील असं कळलं. त्यातून २ हजार बाजूला काढता येतील. ३६ हजार भागिले २ हजार, म्हणजे १८ हप्ते.

बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे, हेही तिला समजायला हवं होतं. आपल्या गटात शेकडा २ रुपये व्याज धरलं, तर ३६ हजारांवर महिन्याला ७२० रुपये होतात. मामा ते सोडतो आहे. ते पैसे मामीच्या घरातलेही आहेत. म्हणून पत्र दोघांच्या नावाने लिहिलं. ते असं झालं:

“तीर्थस्वरूप मामा आणि मामी यांना साष्टांग नमस्कार. कोर्ससाठी ५६ हजार खर्च आहे. आमच्याकडे २० हजार आहेत. ३६ हजार उसने, बिनव्याजी मिळतील का, हे विचारायला लिहिते. २० हजार जूनमध्ये आणि १६ हजार डिसेंबरमध्ये लागतील. पैसे खात्यावर पाठवावेत. फीची पावती मी तुम्हाला पाठवीन. कोर्स संपल्यावर ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या १० तारखेला २ हजार, असे १८ हप्ते भरीन. तोवर नोकरी लागली नाही, तर शिलाईतून महिन्याला ५०० देईन आणि उरलेले हप्ते पुढे सरकतील. मधे लग्न ठरलं तरी हे देणं माझंच राहील. सासरी आधीच सांगीन. तुम्हाला जमत नसेल तर मोकळेपणाने मलाच सांगा. भाऊबीजेला आई नेहमीसारखी येईल. तुमची भाची.”

लग्नाचं वाक्य तिने स्वतः घातलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण खरी भीती तीच होती. मुलगी सासरी गेली की फेडायचं कोणी?

पैसे खात्यावर का? २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी घेताना ती बँकेतून घ्यावी, असा प्राप्तिकराचा नियम आहे. शिवाय पासबुकात नोंद राहते, मग ‘मी दिले, तू दिले नाहीस’ हा वाद उरत नाही.

आठवड्याने फोन आला, तो मामीचा. “९ हजारांत २ हजार दिलेस तर तुझ्या हातात काय राहील? दीड हजार दे, पण तारीख चुकवू नकोस.” १८ चे २४ हप्ते झाले. मुलीने तक्ता पुन्हा लिहिला. त्यात हप्त्याचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि बाकी असे चार रकाने आहेत. एक प्रत मामीकडे आहे, एक तिच्या कपाटाच्या दारावर.

लेखी आकडे समोर होते, म्हणून मामीला आपलं म्हणणं मांडता आलं. नुसतं “द्या” म्हटलं असतं, तर तिला हो किंवा नाही एवढंच म्हणता आलं असतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असं पत्र लिहायची वेळ आली, तर ते आधी गटात वाचून दाखवा. राहिलेला खर्च दुसरीच्या लक्षात येतो.