भिंतीवरची इस्त्रीची फळी

दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला लावलेली, दुमडणारी इस्त्रीची फळी मोठी सोय करते. पण ब्रॅकेटवर किती ओढ येते, हे आधी समजून घ्या.

फळी 90 सेंटीमीटर लांब आहे, असं धरू. चादर दाबताना टोकाशी 15 किलोचा भार सहज पडतो. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये 30 सेंटीमीटर अंतर असेल, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपसणारी ओढ येते तिप्पट, म्हणजे 45 किलो. अंतर निम्मं केलं की तीच ओढ 90 किलो होते. म्हणून उंच ब्रॅकेटच घ्या.

मग भिंत पाहा. ड्रिलमधून लाल भुकटी आली, तर वीट. तिथे चांगला प्लग पुरतो. हलकी, करडी-पांढरी भुकटी येत राहिली आणि ड्रिल लोण्यात शिरावं तसं गेलं, तर नव्या इमारतींतला हलका ब्लॉक समजा. त्यात साधा प्लग हळूहळू सैल होतो. त्यासाठीचा खास अँकर मागा. प्लगभोवती बारीक तडा दिसला, तर फळी वापरणं थांबवा.

जागा ठरवताना फळीच्या मापाचं वर्तमानपत्र जमिनीवर अंथरा आणि उभं राहायला बाजूला 60 सेंटीमीटर सोडा. आता दार आणि कपाट पूर्ण उघडून बघा. फळी बाजूला वळणारी असेल, तर तिचं टोक फिरतं तो सगळा अर्धगोल मोकळा हवा. प्लगपॉइंट जवळ असावा. वायर दारातून कधीही नेऊ नका.