मुरबाडच्या घरातला आवाज, कल्याणच्या फोनात

मुलगा कल्याणला नोकरीला आणि आई-वडील मुरबाडजवळच्या गावी, अशा घरात अलेक्सा स्पीकर आला, तर त्याचं खातं बहुधा मुलाच्या फोनवर असतं. मग आजी गावी भजन लावायला सांगते, त्या आज्ञेचं रेकॉर्डिंग मुलाच्या ॲपमध्ये दिसतं आणि तिथून ऐकताही येतं. हे घरच्यांना ठाऊक हवं, असं मला मनापासून वाटतं.

रेकॉर्डिंग ॲमेझॉन कंपनीच्या सर्व्हरवर असतं, स्पीकरमध्ये नव्हे. त्यामुळे स्पीकर बंद केला, रीसेट केला किंवा शहापूरच्या भाच्याला देऊन टाकला, तरी जुनं बोलणं खात्यात राहतंच. ते पुसायचं मुलाच्या फोनवरून, आणि त्या वेळी गावात वीज नसली तरी अडत नाही.

ॲपमध्ये Alexa Privacy उघडा, मग Review Voice History. इथे बरेच जण फसतात. सुरुवातीला फक्त आजची यादी दिसते. तारखेच्या जागी All History निवडून मग पुसलं, तरच सगळं जातं. नंतर पुन्हा तीच यादी उघडून ती रिकामी झाल्याची खात्री करा. स्मरणसूचना आणि खरेदीची यादी मात्र वेगळी काढावी लागते.

मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग पालकांनी पुसूनही त्यांचा मजकूर ठेवल्याचा आरोप अमेरिकी सरकारने ॲमेझॉनवर केला होता. 2023 मध्ये कंपनीने अडीच कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. म्हणून रेकॉर्डिंग साठवूच नयेत, हा पर्यायही Alexa Privacy मध्ये निवडून ठेवा.