क्युरेटिंगनंतरचे पंधरा दिवस

(नांदुरा येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून)

पुरुष आज मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी पुढे यावं. बाईला दवाखान्यातून घरी नेणारे तुम्हीच असता आणि रात्री दोन वाजता गाडी काढायची की नाही हेही तुम्हीच ठरवता.

आपल्याकडे कुणी ‘पिशवी साफ केली’ म्हणतं, कुणी क्युरेटिंग, कुणी डीएनसी. यात पिशवीचं तोंड थोडं रुंद करून आतलं अस्तर खरवडून किंवा ओढून काढतात. गर्भ पडल्यावर राहिलेला भाग काढायला ते करतात, आणि पाळीत फार जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासायलाही करतात. हिस्टेरोस्कोपी म्हणजे त्याच वाटेने बारीक दुर्बीण घालून आत पाहणं. आत नीट दिसावं म्हणून बहुतेक वेळा सलाईनच्या पाण्याने पिशवी फुगवतात. म्हणून दुर्बिणीनंतर पहिल्या दिवशी गुलाबी पाणी गेलं तर घाबरू नका. ते आत सोडलेलंच पाणी असतं.

या दोन्हींत पोटावर टाका नसतो. जखम असते ती आत, पिशवीच्या अस्तरावर. ती भरेपर्यंत अंगावरून थोडं जाणारच. पहिले एक-दोन दिवस पाळीसारखं, मग कमी, मग तपकिरी डाग. काहींचं तीन-चार दिवसांत थांबतं, काहींचे डाग दहा दिवस ते दोन आठवडे दिसत राहतात. ओटीपोटात पाळीसारखी कळ येते, कंबर भरून येते. ती एक-दोन दिवसांत ओसरते. तेवढ्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. पाचशेच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत आठच्या वर नाही. यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल, तर किती घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारूनच घ्या.

माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची खूण एकच आहे. त्रास उताराला लागला आहे की चढाला? आज कालच्यापेक्षा कमी असेल, तर थोडं जास्त दिवस चाललं तरी बहुधा काळजी नाही. पण कमी झालेलं पुन्हा वाढलं, तर तो सहावा दिवस असला तरी दवाखाना गाठायचा.

एक बाई डोळ्यासमोर आणा. ही अमुक एक नव्हे, अशा पुष्कळ जणींची मिळून केलेली गोष्ट आहे. वय अठ्ठावीस, नवव्या आठवड्यात गर्भ पडला, क्युरेटिंग झालं, संध्याकाळी घरी आली. दोन दिवस पाळीसारखं गेलं, चौथ्या दिवशी नुसते डाग. पाचव्या दिवशी ती निंदणाला गेली. सहाव्या दिवशी पुन्हा लाल जायला लागलं आणि त्याला वास होता. सासू म्हणाली, “वावरातल्या कामानं झालं, पडून राह्य.” सातव्या रात्री थंडी वाजून ताप भरला. आठव्या दिवशी दवाखान्यात ताप निघाला एकशे एक, पोट दाबलं की दुखत होतं, सोनोग्राफीत आत थोडा भाग राहिलेला दिसला. शिरेतून अँटिबायोटिक दिलं, मग सोनोग्राफीत पाहत पाहत तो भाग काढला, आणि ती बरी झाली.

यात दोष निंदणाचा नव्हता. आत तुकडा राहिला होता आणि त्यात जंतू वाढले होते. असं काळजीने केलेल्या क्युरेटिंगनंतरही काहींना होतं. दीड दिवस गेला तो मात्र कारणाविना गेला. वासाचा स्राव सहाव्या दिवशी सुरू झाला होता, तिने त्याच दिवशी यायला हवं होतं.

तापाबद्दल नांदुऱ्यात वेगळं सांगावं लागतं. मे महिन्यात इथे अंग सगळ्यांचंच तापतं. हात लावून ‘उन्हाचं आहे’ म्हणू नका. सावलीत अर्धा तास बसून थर्मामीटर लावा. शंभर पॉइंट चार किंवा वर असेल तर त्याला ऊन समजायचं नाही. आणि थर्मामीटर लावायच्या आधी पॅरासिटामॉल घेऊ नका, आकडा खाली येतो आणि सगळेच फसतात.

रक्त किती जातं हे जुन्या लुगड्याच्या घडीवर कळत नाही. निदान हे दिवस तरी पॅड वापरा, म्हणजे मोजता येतं. तासाला एक मोठं पॅड पूर्ण भिजलं आणि पुढच्या तासातही तसंच झालं, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडत राहिल्या, तर तिसऱ्या तासाची वाट पाहू नका. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडायला लागली, तर पॅड मोजतही बसू नका. १०८ ला फोन करा. आपल्याला खामगाव किंवा अकोला गाठायचं असतं, वाटेतला वेळही हिशेबात धरावा लागतो.

आता क्वचित होणारी, पण गंभीर गोष्ट. अवजाराने कधी पिशवीला भोक पडतं. नुसत्या दुर्बिणीच्या तपासणीत हजारात एखाद-दुसरीला, गर्भाच्या क्युरेटिंगमध्ये किंवा आत काही कापताना थोडं जास्त. लहान भोक बहुधा आपोआप बुजतं. आतड्याला इजा झाली असेल तर मात्र पोटदुखी गोळीने हटत नाही, तासागणिक वाढते, पोट टणक होतं, उलट्या होतात, वारा सरत नाही. कधी खांद्यातही दुखतं. हे पहिल्याच रात्री दिसेल असं नाही, काही दिवसांनीही दिसतं. ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पाजून बाईला झोपवू नका.

घरी आल्यावर पहिले चोवीस तास भुलीचा अंमल असतो. गाडी नाही, चूल-शेगडी नाही, सोबत कुणीतरी हवंच. आंघोळ त्याच दिवशी चालते, विहिरीत-तलावात उतरणं नाही. रक्त थांबेपर्यंत आत काही घालायचं नाही आणि नवऱ्याने थांबायचं.

गर्भासाठी क्युरेटिंग झालं असेल आणि रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शन लागतं का ते विचारा. लागत असेल तर ते बहात्तर तासांच्या आत घ्यायचं असतं.

काढलेला भाग तपासायला पाठवला असेल तर तो रिपोर्ट घ्यायला जाच. रक्त थांबलं की तिकडे फिरकायचं नाही, ही इथली रीत मला सगळ्यात जास्त खटकते. पाळीत फार जातं म्हणून क्युरेटिंग झालं असेल, तर ते बहुधा उपचार नसून तपास असतो. अस्तर जाड झालंय, टीबी आहे की कॅन्सर, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. गर्भाच्या बाबतीत तर रिपोर्टात गर्भाचे तंतू दिसलेच नाहीत, तर गर्भ नळीत असण्याची शंका येते आणि ती ताबडतोब तपासावी लागते. द्राक्षगर्भ निघाला, तर दर आठवड्याला रक्ताची तपासणी होते आणि ती संपेपर्यंत पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नसतात.

पुढची पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. पहिली कमी-जास्त असते. पण बीज दोन-तीन आठवड्यांतही सुटू शकतं, म्हणजे पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. तेव्हा पाळणा लांबवायचा असेल तर साधन आधीच ठरवा. आठ आठवडे झाले, पाळी नाही, तर आधी गर्भाची तपासणी करा. ती निगेटिव्ह आली, आणि दर महिन्याला पोटात कळ येते पण बाहेर काही येत नाही किंवा नुसता डाग दिसतो, तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या असतील. जोसेफ अशरमन या डॉक्टरांनी १९४८ साली याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला पडलं. हे चिकटणं दुर्बिणीतून सोडवता येतं, आणि ते जितकं कमी पसरलेलं तितकं सोपं जातं.