दारातला सर्वेवाला कुणी पाठवला?

जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी सरकारी कर्मचारी घरोघरी फिरले. त्याच वर्षी लोकसभेच्या वेळी सर्वेच्या नावाखाली निवडणुकीनंतरच्या योजनांसाठी लोकांची नावं नोंदवणं सुरू होतं. २ मे रोजी निवडणूक आयोगानं पक्षांना ते थांबवायला सांगितलं. दारातून दोन्ही सारखेच दिसतात.

समजा, तुरीच्या सोंगणीत तुम्ही वावरात आहात आणि घरी सासूबाई एकट्याच आहेत. कुणी आधार मागितलं, तर आधी त्याचं ओळखपत्र पाहायचं. कोणत्या कार्यालयाच्या आदेशानं आला ते विचारायचं, नाव-हुद्दा लिहून ठेवायचा. त्यानं दाखवलेल्या कागदावरच्या नंबरला फोन लावू नका. तो नंबर त्याच्याच जोडीदाराचा असू शकतो. आपल्याजवळच्या नंबरवर तलाठी, ग्रामसेवक नाहीतर अंगणवाडीताईला विचारा. फोन लागला नाही, तर 'उद्या या' म्हणा. सरकारी माणसाला यादी पूर्ण करायची असते, तो परत येतो. घाई करणाऱ्याचा मला तरी संशय येतो.

झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवं लिहा. ओटीपी सांगू नका, मशीनवर अंगठा देऊ नका. बँकमित्र अंगठ्यावरच पैसे देतो ना? तसेच दुसराही काढू शकतो. अंगठा देऊन बसला असाल, तर त्याच दिवशी पासबुक भरून घ्या. पैसे गेलेले दिसले, तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेतही कळवा.