रुंजीसहून आलेलं पत्र

इंदापूरचा एखादा डाळिंब निर्यातदार. पॅरिसजवळच्या रुंजीसच्या घाऊक बाजारातला व्यापारी त्याला सौद्यासाठी बोलावतो. मग व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागतं.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यावर पत्ता, 14 अंकी सिरेट नोंदणी क्रमांक आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा असावा. पाहुण्याचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहावं. वडिलांचं नाव मध्येच गाळलं की शंका निघते. खर्च कोण करणार, हेही स्पष्ट हवं.

गाडी अडते ती बहुधा तारखांवर. पत्रात 6 ते 10 ऑक्टोबर, विमानाचं तिकीट मात्र 18 पर्यंत. मग उरलेले आठ दिवस कुठे, असा प्रश्न येणारच. फिरायचं असेल तर अर्जात तसं सांगावं. कामाचं वर्णनही नेमकं हवं: मालाची प्रतवारी पाहणं, दर ठरवणं. नुसतं ‘व्यावसायिक भेट’ लिहून काही कळत नाही. ‘पॅकहाऊसमध्ये काम’ लिहिलंत तर प्रकरण नोकरीच्या परवान्याकडे जातं.

अर्ज प्रवासाआधी किमान पंधरा दिवस द्यावा लागतो. डाळिंबाच्या हंगामात हे पंधरा दिवस कधी निसटतात, कळतही नाही.